मिनिटाला किती पावलं, ताशी किती किलोमीटर : या चुका टाळा

हिशोब तिसरीतल्या मुलालाही जमेल असा आहे. मिनिटाला पडणारी पावलं गुणिले एका पावलाची लांबी, म्हणजे मिनिटाला कापलेले मीटर. त्याला ०.०६ ने गुणलं की ताशी किलोमीटर. मिनिटाला १०० पावलं आणि पाऊल ६५ सेंटीमीटरचं असेल तर मिनिटाला ६५ मीटर, म्हणजे ताशी ३.९ किलोमीटर. तरीही दर महिन्याला कुणी ना कुणी भलताच आकडा घेऊन येतं. गुणाकार बरोबरच असतो, गुणायला घेतलेले आकडे चुकलेले असतात.

एक पाऊल की दोन?

आमचे एक भावजी आहेत. चालायला लागून त्यांना जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि त्यांनी जाहीर केलं, "माझा वेग ताशी साडेनऊ किलोमीटर आहे." धावत नाहीत, फक्त चालतात. मी वही मागितली. मिनिटाला ११२ पावलं, पावलाची लांबी १.४ मीटर. गुणाकार अगदी बरोबर : ९.४.

लांबी कशी मोजली, असं विचारलं तर म्हणाले, ओल्या चपलांनी फरशीवर चाललो आणि उजव्या टाचेच्या खुणेपासून पुढच्या उजव्या टाचेच्या खुणेपर्यंत टेप लावली. घोळ इथेच होता. उजव्या टाचेपासून उजव्या टाचेपर्यंत दोन पावलं होतात. एक पाऊल म्हणजे उजव्या टाचेपासून डाव्या टाचेपर्यंतचं अंतर. त्यांचं खरं पाऊल ७० सेंटीमीटरचं, आणि वेग ताशी ४.७. भावजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

इंग्रजीत एका पावलाला 'स्टेप' आणि दोन पावलांच्या पूर्ण फेऱ्याला 'स्ट्राइड' म्हणतात, पण काही अ‍ॅप आणि घड्याळं एका पावलालाच स्ट्राइड म्हणून मोकळी होतात. म्हणून शब्दावर जाऊ नका, आकड्याकडे बघा. चालणाऱ्या मोठ्या माणसाचं पाऊल साधारण ६० ते ८० सेंटीमीटरचं असतं. वहीत मीटरच्या पुढचा आकडा दिसला तर ती दोन पावलं आहेत. दुसरी खूण म्हणजे, ताशी सात किलोमीटरच्या आसपास बहुतेकांचे पाय आपोआप धावायला लागतात. तुम्ही धावत नव्हता आणि उत्तर नऊ आलं, तर उत्तर चुकलंय.

याची उलटी चूक जास्त फसवी असते. काही जण फक्त उजवा पाय मोजतात (मीही तेच करतो, सोपं पडतं) आणि दुप्पट करायला विसरतात. भावजींनी तसं केलं असतं तर ५६ गुणिले १.४, म्हणजे वेग पुन्हा ४.७ आला असता, अगदी बरोबर. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं असतं आणि वहीत मात्र '५६ पावलं, फारच संथ' अशी नोंद राहिली असती.

पावलाची लांबी एकदा मोजून आयुष्यभर वापरणं

ही चूक मी स्वतः वर्षभर केली, म्हणून तिच्यावर माझा खास राग आहे. घरातल्या घरात सावकाश वीस पावलं चाललो, अंतर भरलं १२.४ मीटर. म्हणजे पाऊल ६२ सेंटीमीटर. तो आकडा घड्याळात टाकला आणि विसरलो. बाहेर मी मिनिटाला ११८ पावलांनी चालायचो आणि हिशोब सांगायचा ताशी ४.४ किलोमीटर. कितीही दामटलं तरी पाच ओलांडेना. बुटांना दोष दिला, गुडघ्यांना दिला, वयालाही दिला.

मग एक दिवस ४०० मीटरच्या ट्रॅकवर सर्वांत आतल्या लेनमधून त्याच चालीने एक फेरी मारली. ४ मिनिटं २५ सेकंद लागली, पावलं ५२१. चारशेला ५२१ ने भागा : पाऊल जवळपास ७७ सेंटीमीटर, आणि वेग ताशी ५.४. वर्षभर मी स्वतःला एक किलोमीटरने कमी लेखत होतो.

कारण साधं आहे. भरभर चालताना पावलं नुसती वाढत नाहीत, लांबही होतात. नेहमीच्या चालीत ही दोन्ही जवळपास एकाच प्रमाणात वाढतात. म्हणून मिनिटाला १०० वरून ११८ पावलांवर गेलं तर पावलं १८ टक्क्यांनी वाढतात, पण वेग ३.९ वरून ५.४ वर जातो, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या जवळ. एकच लांबी धरून बसलात तर संथ चालीत वेग फुगतो किंवा झपझप चालीत दबतो, लांबी कुठल्या चालीत मोजली त्यावर.

उंचीला ०.४१ ने गुणा, झालं, असं सांगणारे शॉर्टकटवाले आहेतच. सुरुवातीच्या अंदाजाला ते चालेल. पण दोन सारख्या उंचीच्या माणसांना शेजारी शेजारी चालवून बघा, मग कळेल. माझी सवय अशी : ज्या चालीचा वेग हवा त्याच चालीत ट्रॅकची एक फेरी, वर्षातून दोनदा. ट्रॅक नसेल तर अंतर माहीत असलेला कुठलाही सपाट, सरळ रस्ता चालेल.

मग चाल पुरेशी झपझप आहे का?

नवखे इथे उगाच वेगाच्या मागे लागतात. त्यासाठी वेग काढायची गरजच नाही, पावलं पुरतात. कॅट्रीन ट्युडर-लॉक आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना ट्रेडमिलवर चालवून ऊर्जा मोजली. मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे निवांत बसल्यावर लागते त्याच्या तिप्पट ऊर्जा, हा ढोबळ आकडा त्यातून पक्का झाला. तिप्पट म्हणजे मध्यम व्यायामाची सुरुवात. सहापटीसाठी १३० च्या आसपास पावलं लागतात.

पण १०० ही लक्ष्मणरेषा नव्हे. लांब पायांच्या माणसाला ९५ लाही दम लागू शकतो, तर एखाद्याला १०८ लागतात. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, ही जुनी कसोटी सोबत ठेवा. दोन्हींचं जुळलं नाही तर मी श्वासाचं ऐकतो. चढावर तर पावलं बाजूलाच ठेवा, तिथे ८५ लाही भाता चालू होतो.

१२० चा ठेका गाठायचा म्हणून तुरुतुरु चालणारेही भेटतात. पाऊल ४५ सेंटीमीटरचं, तर वेग ताशी सव्वातीनच. अशा वेळी ठेका सोडा, नेहमीसारखं पाऊल टाका आणि मग पुन्हा मोजा.

उरलेल्या किरकोळ

पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एक पाऊल चुकलं तर चार चुकतात. पूर्ण मिनिट मोजा, एवढी घाई कसली?

मोजताना चाल आपोआप वाढते. पहिलं मोजमाप मी टाकूनच देतो.

ट्रेडमिलचा दांडा धरून चालत असाल तर पावलांचा आकडा तोच दिसेल, मेहनत मात्र कमी झालेली असेल.

आणि सरासरी. ६००० पावलं, ७५ मिनिटं, म्हणजे मिनिटाला ८०, असं म्हणून एक काकू हिरमुसल्या होत्या. त्या सव्वा तासात पंधरा मिनिटं त्या मैत्रिणीशी उभ्या राहून बोलत होत्या. ती वजा केली की ६० मिनिटांत ६०००, बरोब्बर १००.