वजन योग्य, तरी चरबी जास्त: घरच्या घरी कसं ओळखावं आणि काय करावं

हातपाय काटकुळे, चेहरा बारीक, काटा योग्य वजन दाखवतो, आणि तरी शर्टाखाली पोट पुढे आलेलं. असं शरीर पाहून लोक म्हणतात, "तुला कसली काळजी, तू तर बारीकच आहेस." काळजी मात्र इथेच घ्यायला हवी. याला सामान्य वजनातला लठ्ठपणा म्हणतात. वजन प्रमाणात असतं, पण त्यात चरबीचा वाटा जास्त आणि स्नायूंचा कमी असतो.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय ही गोष्ट पकडू शकत नाही. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचाच फोटो आणि आकडे छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दक्षिण आशियाई शरीरात कमी वजनातही जास्त चरबी कशी असू शकते, हे त्या एका फोटोने दाखवून दिलं.

आधी टेप घ्या, काटा नंतर

पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, त्यामुळे दहा वर्षं ३२ नंबरच चालतो आणि पोट वाढल्याचं कळतच नाही.

सकाळी, काही खाण्याआधी, कपडा बाजूला करून उभे राहा. कुशीत बोटाने चाचपून शेवटची बरगडी शोधा, मग त्याच बाजूला कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवा धरा. मागच्या बाजूला तो खाली घसरतो, म्हणून आरशात पाहा. नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढू नका आणि टेप कातडीत रुतवू नका. दोनदा मोजा.

हा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. उंची १७० सेंटीमीटर असेल तर घेर ८५ च्या आत हवा.

दुसरी चाचणी ताकदीची. हात छातीवर दुमडून साध्या खुर्चीवरून पाच वेळा पूर्ण उठा आणि बसा. तरुण किंवा मध्यमवयीन निरोगी माणसाला याला १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पाय कमजोर आहेत असं समजायला हरकत नाही. मात्र गुडघे दुखत असतील तर हा आकडा धरू नका.

चरबीची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे चरबी थेट मोजत नाहीत. ते अंगातून अगदी सौम्य वीज सोडतात, तिला होणाऱ्या अडथळ्यावरून शरीरातल्या पाण्याचा आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतात. पाणी प्यायलात किंवा घाम गेला, तरी आकडा हलतो. म्हणून असा काटा वापरायचाच तर रोज त्याच वेळी वापरा आणि एका आकड्यापेक्षा महिन्याभराचा कल पाहा. पेसमेकर असलेल्यांनी त्यावर उभं राहू नये. जास्त नेमकं उत्तर डेक्सा स्कॅन, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी आणि स्नायू मोजणारी तपासणी, देतो. किती टक्क्यांपासून चरबी जास्त धरायची याबद्दल सगळ्यांचं एकमत नाही. ढोबळमानाने पुरुषात २५ आणि स्त्रीत ३५ टक्क्यांच्या वर गेली तर लक्ष द्यावं.

मग रक्त तपासा

घेर जास्त निघाला तर उपाशीपोटीची साखर, गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी आणि रक्तातली चरबी मोजणारी लिपिड प्रोफाइल करून घ्या, रक्तदाबही मोजा. बारीक माणसाला या तपासण्या सहसा कोणी सुचवत नाही, म्हणून स्वतःहून मागा. उपाशीपोटीची साखर १०० च्या वर किंवा ट्रायग्लिसराइड १५० च्या वर असेल, तर डॉक्टरांशी नीट बोला. जेवणानंतर रक्तातली बरीचशी साखर स्नायूच ओढून घेतात. ते कमी असतील तर साखर ठेवायची जागाच कमी पडते.

एक अपवाद इथेच सांगतो. प्रयत्न न करता वजन उतरत असेल किंवा स्नायू झपाट्याने झडत असतील, तर ही गोष्ट वेगळी आहे. आधी डॉक्टरांकडे जा.

वजन कमी करायला धावू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. समजा, ४१ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. उंची १७०, वजन ६४ किलो, बीएमआय २२.१, घेर ९२. चरबी २८ टक्के, म्हणजे १८ किलो. बाकीचं शरीर ४६ किलो.

पोट पाहून ते जेवण निम्म्यावर आणतात आणि फक्त चालतात. वजन ५९ होतं. पण गेलेल्या ५ किलोंत दीड किलो स्नायू वगैरे असू शकतात. पुढे जेवण पूर्ववत होतं, वजन परत ६४ वर येतं, आणि परत येताना बहुतेक चरबीच येते. आता चरबी १९ किलो, म्हणजे जवळपास ३० टक्के. काट्यावर आकडा तोच आणि शरीर आधीपेक्षा वाईट.

दुसरा रस्ता असा: जेवण साधारण तेवढंच ठेवायचं, त्यात प्रथिनं वाढवायची आणि स्नायूंना काम द्यायचं.

स्नायूंना काम कसं द्यावं

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. चार हालचाली पुरतात: खुर्चीवरून उठबस, भिंतीला किंवा टेबलाला हात लावून जोर, इलॅस्टिक बँड स्वतःकडे ओढणं, आणि पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत वजन उचलणं. प्रत्येकीचे दोन-तीन सेट, एका सेटमध्ये ८ ते १२ वेळा. सेट संपताना "अजून दोनच जमतील" असं वाटलं पाहिजे. सहज २० होत असतील तर वजन कमी पडतंय.

उठबस करताना तीन सेकंद मोजत खाली या आणि खुर्चीला जेमतेम टेकताच उठा. धपकन बसलात तर मेहनत वाया जाते. १२ सोपे झाले की छातीशी पाण्याने भरलेली पिशवी धरा, मग ती जड करत जा. सहा महिने तेच दोन किलोचे डंबेल उचलणाऱ्याला फरक का दिसत नाही, त्याचं कारण हेच. चालणं हृदयासाठी उत्तम आहे, ते सोडू नका, पण नुसत्या चालण्याने स्नायू फारसे वाढत नाहीत.

प्रथिनं दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅम घ्या. ६४ किलोला साधारण ७५ ते १०० ग्रॅम होतात. कडधान्यं, दूध-दही, अंडी, मासे यांत ती मिळतात. एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळांत वाटून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी डोसबद्दल बोलून घ्या.

प्रगती कशी मोजावी

दोन आठवड्यांतून एकदा घेर मोजा आणि उचललेलं वजन वहीत लिहा. तीन महिन्यांत ताकद वाढली पण घेर हललाच नाही, तर खाण्यातून दिवसाला दोन-तीनशे कॅलरी कमी करा. आधी गोड पेयं आणि दारू. घेर कमी झाला पण ताकदही उतरली, तर खाणं कमी पडतंय.

या रस्त्याने गेलेल्या त्याच गृहस्थांची सहा महिन्यांनंतरची वही अशी दिसू शकते: वजन ६३, चरबी १५ किलो, बाकीचं शरीर ४८, घेर ८६. काटा फक्त एक किलोचा फरक सांगतो. प्रत्यक्षात तीन किलो चरबी गेली आणि दोन किलो स्नायू वगैरे वाढले. ८५ च्या आत यायला आणखी एकच सेंटीमीटर हवा.