ब्युटी फिल्टरऐवजी हाताने केलेले थोडे एडिटिंग

फोटोत त्वचा नितळ दिसावी म्हणून ब्युटी फिल्टर लावला, की अनेकदा हनुवटी निमुळती, नाक बारीक आणि डोळे मोठे होऊन चेहरा ओळखू येईनासा होतो. याचे कारण असे, की असे बरेच फिल्टर त्वचा गुळगुळीत करतानाच चेहऱ्याचा आकारही ओढून बदलतात. गालामागची दाराची चौकट किंवा चष्म्याची दांडी वाकलेली दिसली, तर हे घडले आहे असे समजावे.

१. कॅमेऱ्यातील ब्युटी मोड बंद करून, खिडकीकडे तोंड करून फोटो काढावा. निम्मे काम हा मऊ उजेडच करतो.

२. एडिटिंग ॲपमधील हीलिंग साधनाने केवळ तात्पुरते डाग, म्हणजे मुरूम किंवा ओरखडा, एकेक करून काढावेत. तीळ आणि हसताना पडणाऱ्या रेषा तशाच ठेवाव्यात, कारण ओळख त्यांतच असते.

३. डोळ्यांखालची सावली पुसू नये. तेवढाच भाग किंचित उजळ करावा आणि परिणाम निम्म्यावर आणावा.

४. शेवटी फोटो मोठा करून पाहावा. त्वचेची रंध्रे दिसेनाशी झाली असतील, तर हात जास्त चालला आहे. एक-दोन पायऱ्या मागे यावे.

संपादित फोटो नेहमी वेगळी प्रत म्हणून जतन करावा. ओळखपत्रासाठीच्या फोटोवर मात्र यातले काहीही करू नये.