टार्गेट आधी मोजा: फ्लॅगच्या ट्रेडमधल्या या चुका टाळा

ट्रेड नफ्यात आला की मन लगेच म्हणतं, "अजून जाईल." कुठवर जाईल, हे मात्र एंट्रीआधी ठरलेलं नसतं. मग भाव वर जातो, फिरतो, आणि हातात आलेला नफा डोळ्यांदेखत विरघळतो. टार्गेट मोजून ठरवणारेही बऱ्याचदा मोजण्यातच चुकतात. त्यासाठी फ्लॅगचं, म्हणजे आधी जोरात उसळी आणि मग सावकाश थोडी घसरण अशा चार्टवरच्या आकृतीचं, एकच उदाहरण नीट बघू.

एक शेअर 10 दिवसांत 400 वरून 460 वर गेला. ही झाली फ्लॅगची काठी, म्हणजे पोल, उंची 60 पॉइंट. नंतर भाव सावकाश 440 पर्यंत उतरला. काठीचा तिसराच भाग परत दिला, म्हणून याला फ्लॅग म्हणता येतं. निम्म्याहून जास्त परत दिला असता तर मी हा ट्रेड सोडूनच दिला असता. ब्रेकआउट 452 ला झाला, एंट्री 453 ला मिळाली आणि स्टॉप लॉस फ्लॅगच्या तळाखाली 438 ला लावला. जोखीम 15 पॉइंट. आदल्या दिवसापर्यंतचा 14 दिवसांचा एटीआर, म्हणजे भाव एका दिवसात सरासरी किती हलतो त्याचं माप, 8 होता.

पहिली चूक काठी कुठून कुठवर मोजायची आणि ती कुठे ठेवायची, यात होते. फ्लॅगच्या तळापासून मोजली तर टार्गेट 440 + 60, म्हणजे 500 येतं. ब्रेकआउटपासून मोजली तर 512. दोन्ही पद्धती लोक वापरतात, पण एका ट्रेडमध्ये एक आणि दुसऱ्यात दुसरी, असं केलं की जो आकडा मोठा तोच निवडला जातो. मी तळापासून मोजतो, कारण जवळचं टार्गेट आधी गाठलं जातं. काठीची सुरुवातही जिथून भाव खरोखर उसळला तिथूनच धरायची. त्याआधीची संथ चढण त्यात मोजली की उंची उगाच फुगते.

500 च्या आधी काय आहे तेही बघावं लागतं. समजा, 495 ला जुना उच्चांक आहे. मग विक्रीची लिमिट ऑर्डर 494 ला लावायची. वहीत काढलेला आकडा 500 असला तरी 495 ला माल विकायला बसलेल्यांना त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती चूक वाटतच नाही: एटीआरवर काढलेलं टार्गेट रोज नव्याने मोजणं. एटीआरच्या 3 पट म्हणजे 24 पॉइंट, म्हणून पहिलं टार्गेट 477. ब्रेकआउटनंतर मोठ्या कॅन्डल येतात, एटीआर वाढून 11 होतो. आता 3 पट म्हणजे 33 आणि टार्गेट 486. भाव 476 वर आलेला असताना टार्गेट 9 पॉइंट पुढे सरकतं. माझ्या हातून असं झालंय. 476 ला असताना ऑर्डर उचलून पुढे नेली आणि ट्रेड शेवटी स्टॉप लॉसला लागला. तेव्हापासून एंट्रीच्या आदल्या दिवसाचा एटीआर वहीत लिहितो आणि ट्रेड संपेपर्यंत त्याला हात लावत नाही.

तिसरी चूक पट आणि मुदत यांचा मेळ न घालणं. 494 चं टार्गेट एंट्रीपासून 41 पॉइंट, म्हणजे एटीआरच्या पाचपट लांब आहे. रोजचा एटीआर 8 आहे म्हणून पाच दिवसांत पोहोचेल, हा हिशोब फसवा आहे. भाव रोज एकाच दिशेने जात नाही. दिशाहीन बाजारात अंतर साधारणपणे दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे पाचपट अंतराला ढोबळमानाने 25 दिवस लागू शकतात. आधीचा वेग टिकला तर लवकर होईल, पण तो टिकेलच असं धरून टार्गेट लावायचं नाही. म्हणून निम्मा माल 477 ला आणि उरलेला 494 ला, अशा दोन ऑर्डर एंट्री झाल्याबरोबर लावून ठेवायच्या. आठवडाभरच थांबायचं असेल तर सगळाच माल 477 ला विकायला लावलेला बरा.

आणखी एक सवय दिसते: जोखीम 15 आहे, मला जोखमीच्या तिप्पट नफा, म्हणजे 1:3 हवं, म्हणून टार्गेट 498. हे टार्गेट चार्टने दिलेलं नाही, आपल्या अपेक्षेने दिलेलं आहे. क्रम उलटा हवा. आधी टार्गेट मोजा, मग गुणोत्तर बघा. 477 ला ते 1:1.6 येतं, 494 ला सुमारे 1:2.7. जमत नसेल तर ट्रेड घेऊ नका.

आपले पट बरोबर आहेत की नाही, हे जुन्या ट्रेडच्या नोंदींतूनच कळतं. शेवटच्या तीसेक ट्रेडमध्ये भाव स्टॉप लॉसला लागण्याआधी किंवा आपण बाहेर पडण्याआधी आपल्या बाजूने जास्तीत जास्त किती गेला, ते एंट्रीच्या एटीआरने भागून लिहा. टार्गेटला लवकर विकलेल्या ट्रेडमध्ये पुढचे काही दिवसही बघा, नाहीतर आकडे उगाच छोटे दिसतात. निम्मे ट्रेड 2.5 पटाच्या आतच थांबले असतील तर पहिलं टार्गेट 3 पटावरून 2 वर आणा, आणि पुढचे तीस ट्रेड त्याच आकड्यावर घ्या.