‘-सह’ने केलेला घोळ

फ्रिजच्या वॉरंटी कार्डाचं मराठी मीच केलं होतं. मूळ मजकूर असा: संपूर्ण फ्रिजला 1 वर्ष, त्यानंतर फक्त कॉम्प्रेसरला आणखी 9 वर्षं. मी लिहिलं, ‘कॉम्प्रेसरसह 10 वर्षं वॉरंटी’. चौथ्या वर्षी एका काकूंचा कॉम्प्रेसर गेला. तो मोफत मिळाला, पण गॅस आणि मजुरीचे पैसे मागितले, तेव्हा त्या कार्ड घेऊन आल्या. चूक माझ्या ‘-सह’ची होती.

आता तिथे असं आहे: ‘खरेदीच्या तारखेपासून पहिलं वर्ष संपूर्ण फ्रिज. दुसऱ्या ते दहाव्या वर्षी फक्त कॉम्प्रेसर हा भाग मोफत. गॅस, मजुरी, वाहतूक यांचा खर्च ग्राहकाचा.’ जे वगळलंय ते त्याच ओळीत, मागच्या पानावर नाही. तक्रारीच्या पायऱ्यांतही ‘बिल आणि सिरियल नंबर हाताशी ठेवा’ हे आधी, फोन नंतर.