कारखान्याचं गाव जुन्या अहवालात शोधा

अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे कारखाने शोधायचे असतील तर तिथल्या बाजार नियामकाच्या EDGAR या संकेतस्थळावर तिचा 10-K हा वार्षिक अहवाल उघडा आणि त्यातला `Item 2. Properties` हा मालमत्तांचा भाग गाठा. जागा मालकीची की भाड्याची, हेही बहुधा तिथेच कळतं. मात्र नियमानुसार फक्त महत्त्वाच्या मालमत्ता द्याव्या लागतात, त्यामुळे यादीत नाव नाही म्हणजे कारखाना नाही, असं समजू नका. समजा, तक्त्यात नुसतं ‘ओहायो, ३ कारखाने’ आहे. मग त्याच कंपनीचे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे अहवाल उघडा. तिथे अनेकदा शहरांची नावं सापडतात. ती जागा आजही चालू आहे का, हे मात्र वेगळं तपासा. अहवालाला जोडलेल्या `Exhibit 21` या यादीतल्या उपकंपन्यांपुढे ‘डेलावेअर’ दिसेल, पण ते नोंदणीचं राज्य, कारखान्याचं नव्हे.