गोल टाकीवरून वायर सगळ्यात कमी लांबीत कशी नेली

गुहागरला आमच्या परड्यात सिमेंटची गोल टाकी आहे, तिच्या फ्लोट स्विचची वायर खाली पंपाच्या बोर्डापासून बरोब्बर समोरच्या बाजूला दीड मीटर वर न्यायची होती. हातात वायर २.७ मीटर, आणि मधे जोड मला नकोच होता कारण खाऱ्या हवेत जोड लवकर सडतो. टाकीचा घेर ४ मीटर, म्हणजे अर्धा फेरा २ मीटर, सरळ वर चढवून मग आडवी फिरवली तर साडेतीन मीटर लागणार.

मग पेपर चिकटवून टाकीला गुंडाळले, दोन्ही जागी खुणा केल्या आणि पेपर सोडवून पडवीत सपाट पसरला. गुंडाळताना किंवा उलगडताना कागद ताणत नाही, त्यामुळे त्यावरचं अंतर आणि टाकीवरचं अंतर एकच. सपाट कागदावर सगळ्यात जवळचा रस्ता सरळ रेघ, २ आणि १.५ चा कर्ण, २.५ मीटर! रेघेवर भोकं पाडून पेपर परत गुंडाळला आणि खडूने ठिपके उमटवले, तर तीच रेघ टाकीवर तिरकी वळत चढलेली दिसते, दर ५० सेंमी फिरताना ३७.५ सेंमी वर, चढ कुठेच कमीजास्त नाही. सुतळी ताणून धरली तर तीही ठिपक्यांवरच बसली.

समोरासमोर बिंदू असल्याने डावीउजवीकडून लांबी सारखीच, नाहीतर दोन्हीकडून मोजून कमी येईल ती बाजू घ्यायची. हे फक्त उभ्या भिंतीवर चालतं, वरच्या घुमटावर कागदाला सुरकुत्या पडतात, तिथे ही रीत लागू नाही.