एक पंप बंद केला आणि दुसरा खडखडू लागला

नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. पुण्यातल्या एका ऑफिस इमारतीच्या चिलर प्लँटमधून रविवारी सकाळी तिथल्या ऑपरेटर काकांचा फोन आला, "साहेब, एक नंबरच्या पंपात कुणी खडी टाकल्यासारखा आवाज येतोय." मी विचारलं, "दोन नंबर चालू आहे का?" काका म्हणाले, "रविवारी कशाला दोन? लोड कुठंय?" मी मनातल्या मनात बेअरिंगचं निदान करून टाकलं आणि निघालो.

बेअरिंग ठणठणीत होतं. बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावला तर काही नाही. पंपाच्या सक्शनच्या अंगाला लावला की मात्र खडखड. काकांनी दोन नंबरचा पंप सुरू केला आणि मिनिटाभरात एक नंबर गप्प झाला. मला हे उलटं वाटलं. एकटा पंप चालतो तेव्हा त्याच्यावरचं हेड, म्हणजे पाण्याच्या मीटरमध्ये मोजलेला दाब, कमी होतं, म्हणजे त्याला आराम मिळायला हवा, तो ओरडतो का? नवीन मुलं आजही मला हेच विचारतात, म्हणून तो हिशेब इथे सविस्तर मांडतो. आकडे सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

प्लँट असा: गच्चीवर २५० टनांचे दोन चिलर, शेजारी कूलिंग टॉवर, कंडेन्सर पाण्याचे तीन पंप. दोन चालू, एक राखीव. टनाला मिनिटाला ३ गॅलन हा नेहमीचा हिशेब धरला तर एका चिलरला ताशी १७० घनमीटर पाणी लागतं, दोघांना ३४०. पंप निवडला होता १७० घनमीटरला २४ मीटर हेडवर.

हे २४ मीटर कुठून आले ते आधी वेगळं काढा. टॉवरच्या बेसिनमधल्या पाण्यापासून वरच्या नोझलपर्यंत पाणी उचलायचं ते ४ मीटर. ते फ्लो कितीही असला तरी लागणारच. उरलेले २० मीटर पाइप, कंडेन्सर, व्हॉल्व्ह, स्ट्रेनर यांच्या घर्षणात जातात आणि ते फ्लोच्या वर्गाप्रमाणे बदलतात. टॉवर कितव्या मजल्यावर आहे याचा त्या ४ मीटरशी संबंध नाही, कारण पाणी चढतं तितकंच खाली येतं. इमारतीची उंची हेडमध्ये धरलेली शीट मी दोनदा पाहिली आहे. त्यातली एक माझीच होती. सिस्टिम कर्व्हचं, म्हणजे किती फ्लोला किती हेड लागतं त्याचं, समीकरण असं, H मीटरमध्ये आणि Q ताशी घनमीटरमध्ये:

```
H = 4 + 20 × (Q/340)²
```

आता पंपाचा कर्व्ह. कॅटलॉगवरून वाचलेले बिंदू: फ्लो शून्य असताना हेड २९ मीटर, १०० ला २७.५, १७० ला २४, २०० ला २१.५, २२५ ला १८.५ आणि २५० ला १४.८. दोन पंप समांतर असतील तर प्रत्येक हेडला फ्लो दुप्पट करायचा आणि नवा कर्व्ह काढायचा. हेडची बेरीज करायची नाही. दोघेही एकाच हेडरमध्ये ढकलत असतात, त्यामुळे दोघांचं हेड सारखंच असतं. २४ मीटरला एकाचा फ्लो १७०, म्हणून दोघांचा ३४०. सिस्टिम कर्व्हही तिथूनच जातो. डिझाइन इथवर बरोबर होतं.

त्याच आलेखावर आता एकट्या पंपाचा कर्व्ह बघा. तो सिस्टिम कर्व्हला १७० वर छेदत नाही. १७० ला सिस्टिमला फक्त ९ मीटर हवेत, पंपाकडे २४ आहेत, म्हणजे फ्लो वाढत जाणार. २५० ला सिस्टिमला १४.८ मीटर लागतात आणि पंपही १४.८ देतो. पंप तिथे जाऊन स्थिरावतो. म्हणजे दोनातला एक बंद केला तर फ्लो ३४० वरून १७० होत नाही, २५० होतो, आणि उरलेला पंप आपल्या नेमून दिलेल्या कामाच्या जवळपास दीडपट पाणी ओढतो. हेड कमी झालं याचा अर्थ आराम नाही, पंप कर्व्हवर उजवीकडे घसरला. उलट्या दिशेनेही हीच गंमत आहे. राखीव धरून तिन्ही चालवले तर फ्लो ५१० होत नाही, ३६२ च्या आसपास अडकतो. टॉवरला पाणी कमी पडतंय म्हणून तिसरा पंप लावणाऱ्यांनी हा आलेख एकदा हाताने काढावा.

उजवीकडे घसरण्याची किंमत सक्शनला मोजावी लागते. एनपीएसएच या नावाला घाबरू नका. इम्पेलरच्या तोंडाशी पाण्याचा दाब त्याच्या बाष्पदाबाच्या किती वर आहे, एवढाच त्याचा अर्थ. दाब त्याखाली गेला की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात, पुढे दाब वाढल्यावर फुटतात, आणि तीच खडी. उपलब्ध किती हे आपण काढायचं, लागणारं किती हे कॅटलॉग सांगतो.

पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर, त्यामुळे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या १०.३ ऐवजी ९.७ मीटर पाण्याइतका भरतो. मुंबईची शीट कॉपी करताना हा अर्धा मीटर हमखास निसटतो. बेसिनमधलं पाणी पंपाच्या सेंटरलाइनपेक्षा १ मीटर वर, तो मिळवा. पाणी ३२ अंशांचं, बाष्पदाब ०.५ मीटर, तो वजा करा. राहिले १०.२ मीटर. यातून फक्त सक्शनकडचं घर्षण जायचं. पंपाच्या स्वतःच्या फाट्यावर, म्हणजे व्हॉल्व्ह, बेंड आणि वाय-स्ट्रेनर मिळून, १७० ला १.२ मीटर. सामाईक हेडरमध्ये ३४० ला ०.५ मीटर. दोन पंप चालू असताना उपलब्ध ८.५, लागतात ३.५. एवढा फरक पाहून माझ्या वरिष्ठांनी शीटवर सही केली होती, मीही केली असती.

आता तोच हिशेब २५० वर. फाट्याचं घर्षण वर्गाने वाढून १.२ चं २.६ होतं, हेडरचं ०.३ वर येतं. उपलब्ध ७.३. आणि कॅटलॉगमधला लागणारा एनपीएसएच २५० ला ७.२ मीटर. पाच मीटरची ऐसपैस जागा दहा सेंटिमीटरवर आली. कॅटलॉगचा आकडा म्हणजे सुरक्षित सीमा नव्हे, हेही लक्षात ठेवा. बुडबुड्यांमुळे पंपाचं हेड ३ टक्के पडतं तो बिंदू ते देतात. म्हणजे त्या आकड्यावर बुडबुडे आधीच सुरू झालेले असतात.

पण हा झाला स्वच्छ स्ट्रेनरचा हिशेब. काकांना विचारलं, "जाळी कधी काढली होती?" ते म्हणाले, "पावसाळ्याआधी." तेव्हा नोव्हेंबर चालू होता.

पुढच्या रविवारी अल्ट्रासॉनिक फ्लो मीटर घेऊन गेलो आणि पंप पुन्हा एकटा चालवला. सक्शन फ्लँजवर सेंटरलाइनच्या उंचीला कंपाउंड गेज होता. काटा थरथरत होता, पण सरासरी ३३० मिलिमीटर पाऱ्याच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे उणे ४.५ मीटर पाणी. फ्लो २२८. गेजवरून उपलब्ध एनपीएसएच थेट निघतो: ९.७ मधून ४.५ वजा, २०० मिलिमीटरच्या पाइपमधल्या वेगाचं हेड ०.२ अधिक, बाष्पदाब ०.५ वजा. आले ४.९. त्या फ्लोला लागतात सुमारे ६. एक मीटर कमी.

दुसरी खूण मला जास्त पटली. डिस्चार्ज आणि सक्शन गेजमधला फरक १५.९ मीटर आला, तर कर्व्हप्रमाणे २२८ ला १८ मीटर हवे होते. पंप आपल्या कर्व्हच्या खाली चालला होता. इम्पेलर झिजला तरी असंच दिसतं, म्हणून लगेच दुसरा पंप सुरू करून तीच वाचनं घेतली. आता एक नंबर बरोबर कर्व्हवर बसला. झिजलेला इम्पेलर दोन्ही वेळा कमी भरला असता. यातून आणखी एक गोष्ट कळते: बुडबुडे होत असताना फक्त गेजच्या फरकावरून कर्व्हवर फ्लो वाचला तर आकडा खोटा येतो. १५.९ मीटरवरून मी २४० च्या वर वाचला असता.

स्ट्रेनर उघडला. जाळीवर शेवाळ, टॉवरच्या फिलचे तुकडे आणि कबुतराची पिसं. तिचं घर्षण १७० च्या फ्लोला ०.८ वरून २.४ मीटरवर गेलं असावं असं उलट हिशेबाने निघालं. दोन पंप चालू असताना अशी जाळीसुद्धा जवळपास ७ मीटर उपलब्ध ठेवते, म्हणून सोमवार ते शुक्रवार कुणाला काही कळत नव्हतं.

तरीही जाळी हे अर्धंच कारण. पंप २५० कडे धावत का होता? रविवारी एक चिलर बंद, तर त्याचा कंडेन्सर सिस्टिममधून बाहेर पडायला हवा. जाऊन पाहिलं तर बंद चिलरचा मोटराइज्ड बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. अ‍ॅक्च्युएटर बिघडल्यावर कुणीतरी कपलिंग काढून व्हॉल्व्ह हाताने उघडून ठेवला होता, आणि पॅनेलवर मात्र "बंद" दिसत होतं. म्हणजे थंड झालेलं निम्मं पाणी बंद चिलरमधून फुकट फिरत होतं. व्हॉल्व्ह हाताने बंद केला की सिस्टिम कर्व्ह उभा होतो, कारण सगळं पाणी एकाच कंडेन्सरमधून जायला लागतं. कंडेन्सर आणि त्याच्या फाट्याचे ७ मीटर आता १७० च्याच फ्लोला लागतात. नवा छेद येतो २१२ वर. तिथे लागतात ५.१ आणि स्वच्छ जाळीवर उपलब्ध होतात ८.१. तीन मीटर हातात.

मधल्या आठवड्यात काकांनी स्वतःचा उपाय करून पाहिला होता: सक्शनचा व्हॉल्व्ह थोडा दाबला. फ्लो कमी झाला, आवाज वाढला. फ्लो आवळायचाच असेल तर डिस्चार्जवर आवळा. सक्शनवर आवळलं तर उपलब्ध असलेलंच तुम्ही खाता. आणि पाणी गरम झालं म्हणून आवाज येतो, ही समजूतही इथे फार पुढे जात नाही. पाणी ३२ चं ३७ अंश झालं तर बाष्पदाब जेमतेम १५ सेंटिमीटरने वाढतो. जाळीने तीन मीटर खाल्ले होते.

त्यानंतर मी कंडेन्सर पंपाच्या शीटवर एनपीएसएचच्या दोन ओळी ठेवतो: एक सगळे पंप चालू असतानाची, दुसरी एकच पंप आणि सगळे व्हॉल्व्ह उघडे असतानाची. पंप निवडायचा तो दुसऱ्या ओळीवर, आणि तिथे निदान एक मीटर शिल्लक मागायचा.

काकांसाठी सक्शन गेजच्या काचेवर २०० मिलिमीटर व्हॅक्यूमला लाल ऑइल पेंटची रेघ मारून दिली. एकटा पंप चालू असताना काटा रेघेला टेकला की जाळी काढायची. स्वच्छ जाळीवर तो ९० च्या आसपास असतो. जानेवारीत त्यांचा फोन आला, "साहेब, काटा रेघेवर आला होता, जाळी धुऊन टाकली, आता शंभरच्या आत आहे." मग थोडं थांबून म्हणाले, "कबुतरांचं काय करायचं?"